दुधाचा फेस का बसतो आणि गोडवा येतो कुठून?

तेच कॉफीचं मशीन, दूध वाफवायचा तोच जग, तोच हात. पॅक फोडला त्या दिवशी दुधाचा फेस मऊ, चकचकीत आणि दाट आला होता. चार-पाच दिवसांनी त्याच पॅकमधलं उरलेलं दूध वाफवलं, तर फेस कपात ओतेपर्यंत चरचरत फुटून गेला. चवही सपाट लागली. अशा वेळी बहुतेक जण स्टीम वाँडचा, म्हणजे मशीनच्या वाफ सोडणाऱ्या नळीचा कोन बदलतात, जग तिरका धरून बघतात, मशीनच्या दाबावर शंका घेतात. माझं मत असं, की हात तोच असेल आणि फेस अचानक बिघडला असेल तर आधी दुधाकडे बघावं. दुधात चार दिवसांत काय बदलतं ते कळलं, की फेसाचं आणि गोडव्याचं कोडं बरंचसं सुटतं.

त्यासाठी आधी बुडबुडा कशावर उभा असतो ते पाहू. दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. नुसत्या पाण्यात हवा घुसळली तर बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात, कारण हवा आणि पाणी यांच्यामधला पृष्ठभाग धरून ठेवणारं तिथे काहीच नसतं. दुधात ते काम प्रथिनं करतात. ती दुधात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतात. त्यातला सुमारे ८० टक्के भाग केसीनचा आणि उरलेला व्हे प्रथिनांचा. या रेणूंचा काही भाग पाण्यात रमणारा आणि काही भाग पाणी टाळणारा असतो. दुधात नवा बुडबुडा शिरला की ते धावत त्याच्या कडेला जातात, पाणी टाळणारा भाग हवेकडे वळवतात, थोडे उलगडतात आणि एकमेकांत अडकून बुडबुड्याभोवती एक पातळ, लवचिक त्वचा तयार करतात. माणसांनी हात धरून रिंगण करावं तसं हे असतं: जोवर हात घट्ट आहेत तोवर आतली हवा आतच राहते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फेसातली हवा वाफेची नसते. वाफ थंड दुधात शिरताच पाणी होऊन जाते. वाँडचं टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकलेलं असताना वाफेचा झोत आजूबाजूची हवा ओढून आत नेतो. तो कागद फाटल्यासारखा आवाज त्याचाच. नंतर टोक किंचित खाली नेलं की हवा शिरणं थांबतं आणि दूध जगात भोवऱ्यासारखं फिरू लागतं. त्या फिरण्याने मोठे बुडबुडे फुटून लहान होतात. म्हणजे काम दोन टप्प्यांचं: आधी हवा घ्यायची, मग ती बारीक वाटायची. दोन्ही टप्प्यांत नव्या पृष्ठभागाला त्वचा लागते आणि ती देणारी प्रथिनंच असतात.

मग फॅटचं काय?

फॅट फेसाचा शत्रू आहे असं अनेकदा ऐकायला मिळतं. पुरावा म्हणून स्किम दूध दाखवलं जातं: फॅट जवळजवळ नाही आणि फेस मात्र भरपूर, उंच, ताठ. पुरावा खरा आहे, निष्कर्ष अर्धाच. साडेतीन टक्के फॅटच्या दुधाचाही उत्तम फेस होतो. प्रश्न फॅट किती आहे एवढाच नसतो. ते कोणत्या अवस्थेत आहे हा त्याहून मोठा प्रश्न असतो.

दुधातलं फॅट मोकळं तरंगत नसतं. ते अतिसूक्ष्म गोलकांच्या रूपात असतं आणि प्रत्येक गोलकाभोवती फॉस्फोलिपिड व प्रथिनांचं पातळ आवरण असतं. न प्रक्रिया केलेल्या गायीच्या दुधात हे गोलक सरासरी तीन-चार मायक्रॉनचे असतात. म्हशीच्या दुधात ते आणखी मोठे असतात आणि फॅटही बरंच जास्त असतं. होमोजिनाइज्ड दूध जोरदार दाबाने बारीक फटीतून ढकललेलं असतं, त्यामुळे गोलक फुटून एक मायक्रॉनपेक्षाही लहान होतात. एवढ्या वाढलेल्या पृष्ठभागाला जुनं आवरण पुरत नाही, म्हणून केसीन येऊन ती जागा भरतं. असा लहान, केसीनने झाकलेला गोलक बुडबुड्याच्या त्वचेजवळून गेला तरी सहसा काही बिघडवत नाही.

बिघडतं ते आवरण फाटलं की. मोकळं झालेलं द्रव फॅट हवेच्या कडेवर पसरतं, त्या ठिकाणची प्रथिनं बाजूला सरतात, त्वचा पातळ होते आणि शेजारचे दोन बुडबुडे एक होतात. हे हजारो ठिकाणी झालं की बारीक फेसाचा आधी जाडाभरडा फेस होतो आणि मग तो बसतो.

आवरण कधी फाटतं हे तापमानावर बरंच अवलंबून असतं, आणि स्टीम करणाऱ्याला हा भाग नीट माहीत असायला हवा. दुधाचं फॅट एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, कारण त्यात अनेक प्रकारची मेदाम्लं एकत्र असतात. फ्रिजच्या ४-५ अंश सेल्सिअसला त्यातलं बरंचसं घन असतं. चाळीस अंशांच्या पुढे ते सगळं द्रव असतं. मधल्या पट्ट्यात, ढोबळमानाने १५ ते ३० अंशांत, एकाच गोलकात घन स्फटिकही असतात आणि द्रव फॅटही. स्फटिकांची टोकं आवरणातून बाहेर डोकावतात, बुडबुड्याच्या त्वचेला भोसकतात आणि त्याच छिद्रातून द्रव फॅट बाहेर पसरतं. फॅट असलेल्या दुधाचा फेस याच पट्ट्यात सगळ्यात वाईट येतो. स्किम दुधाला या पट्ट्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

आता जगातल्या दुधाचा प्रवास बघा. फ्रिजमधून काढलेलं दूध ५ अंशांवर सुरू होतं, हवा घ्यायला लागताच तापू लागतं, काही सेकंदांत तो वाईट पट्टा ओलांडतं आणि चाळिशीच्या पुढे जाऊन फिरत राहतं. तिथे सगळं फॅट द्रव असलं तरी स्फटिक नसल्यामुळे भोसकाभोसकी थांबलेली असते आणि आवरणं शाबूत राहतात. हेच दूध ओट्यावर अर्धा-पाऊण तास राहून २२ अंशांवर पोचलं असेल, तर हवा घेण्याचं सगळं काम नेमकं वाईट पट्ट्यात होतं. शिवाय ६० अंशांपर्यंत पोचायला कमी वेळ लागत असल्याने बुडबुडे बारीक करायलाही वेळ उरत नाही. दूध थंड घ्या असं सांगितलं जातं तेव्हा वेळेचं कारण दिलं जातं. फॅटचं कारण क्वचितच कुणी सांगतं.

यातून एक सवय निघते. फॅट जितकं जास्त, तितकी हवा लवकर घेऊन टाकावी. जगाची बाहेरची बाजू हाताला थंड लागेनाशी होते, तोवर हवेचं काम संपलेलं बरं. जग चांगला गरम झाल्यावर वरून घेतलेली हवा नीट वाटली जात नाही आणि मोठे बुडबुडे वर तसेच बसून राहतात.

फॅटमुळे फेसाचा पोत बदलतो तो वेगळाच मुद्दा. स्किम दुधात प्रथिनांना पृष्ठभागासाठी स्पर्धाच नसते, म्हणून हवा भरपूर धरली जाते आणि फेस उंच राहतो. पण तो कोरडा होतो आणि खालचं दूध त्यापासून वेगळं पडतं. फुल फॅट दुधाचा फेस आकारमानाने कमी, पण दुधात मिसळलेला आणि ओतता येण्याजोगा असतो. लाटे कॉफीसाठी मला दुसराच आवडतो. उंच टोपी हवी असेल तर पहिला घ्यावा.

चार दिवसांत काय होतं

पॅकवरची तारीख उलटलेली नाही, वास ठीक आहे, दूध नासलेलं नाही, तरी फेस बसतो. याचं मुख्य कारण म्हणजे फॅटचं विघटन. फॅटचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. लायपेज नावाचं एन्झाइम ही जोडणी तोडतं. एक मेदाम्ल सुटलं की मागे डायग्लिसराइड राहतं, दोन सुटली की मोनोग्लिसराइड. सुटी मेदाम्लं आणि मोनोग्लिसराइडं दोन्ही पृष्ठभागावर बसायला अतिशय उत्सुक असतात. ती लहान आणि चपळ असल्यामुळे प्रथिनांच्या आधी बुडबुड्याच्या कडेला पोचतात, पण एकमेकांत अडकत नाहीत. वर म्हटलेल्या रिंगणात हात न धरणारे लोक घुसावेत तसं होतं, आणि रिंगण जागोजागी तुटतं. यासाठी फॅटचा फार मोठा भाग तुटावा लागत नाही. अगदी थोडं विघटनही फेसाला पुरेसं महाग पडतं, आणि ते जिभेला कळण्याआधी फेसात दिसू शकतं.

हे लायपेज येतं कुठून? एक तर ते दुधात मुळातच असतं. ते उष्णतेला नाजूक असतं आणि ७२ अंशांवर १५ सेकंदांच्या पाश्चरायझेशनमध्ये जवळजवळ निकामी होतं. पण दूध काढल्यापासून पाश्चराइज होईपर्यंतच्या काळात त्याला संधी मिळते. कच्चं दूध जोरात हिंदकळलं, पंपातून हवेसकट ढकललं गेलं, किंवा थंड-कोमट-थंड असं झालं तर आवरणं फाटतात आणि लायपेज थेट फॅटपर्यंत पोचतं. वेताच्या शेवटच्या काळातल्या जनावरांच्या दुधात असं विघटन आपोआपही जास्त होतं. म्हणून कधी कधी पॅक ताजा असूनही फेस येत नाही. तिथे तुमचा दोष नसतो आणि तुम्ही काही करूही शकत नाही, पॅक बदलायचा.

दुसरं लायपेज जीवाणूंचं. स्यूडोमोनास वर्गातले जीवाणू फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतात. पाश्चरायझेशनमध्ये ते स्वतः मरतात, पण त्याआधी त्यांनी दुधात सोडलेली काही एन्झाइम उष्णता सोसून टिकतात. शिवाय पॅक उघडल्यावर हवेतून, चमच्यातून, न धुतलेल्या जगातून नवे जीवाणू येतात. दूध चार अंशांवर राहिलं तर त्यांची वाढ अगदी हळू होते. दर तासाला पॅक बाहेर काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवला, तर ती बरीच वेगाने होते. एकाच तारखेचे दोन पॅक वेगळे वागतात ते यामुळे. ताजेपणा मोजताना तारखेपेक्षा पॅक किती वेळ थंडीबाहेर होता ते विचारावं.

लांब टिकणारं यूएचटी दूध इथे गमतीशीर आहे. त्यातले जीवाणू मेलेले असतात, तीव्र उष्णतेने व्हे प्रथिनं आधीच उलगडलेली असतात, आणि फेस बहुधा भरवशाचा येतो, फक्त चवीला शिजलेला वास असतो. पण कच्च्या दुधात उष्णता सोसणारं लायपेज आधीच साचलं असेल, तर ते महिनोन्‌महिने बंद पॅकमध्येही सावकाश काम करत राहू शकतं. मुदत संपायला आलेलं यूएचटी दूध अचानक फेसाळेनासं झालं तर नवल वाटायला नको.

विघटनाबरोबर दुसरा बदल आंबटपणाचा. ताज्या दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो. जीवाणू लॅक्टोज या दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवू लागले की तो खाली येतो. केसीन एकमेकांपासून दूर राहतं ते त्याच्यावरच्या विद्युतभारामुळे. आम्ल वाढलं की तो भार कमी होतो, आणि सामू ४.६ ला पोचला की केसीन सरळ साकळतं. गरम दुधात त्याला इतकं खाली जावं लागत नाही. थंड असताना ठणठणीत दिसणारं दूध वाफवल्यावर जगाच्या भिंतीवर बारीक कण सोडतं, किंवा कॉफीत ओतल्यावर फाटल्यासारखं दिसतं, कारण कॉफी स्वतःच आम्लधर्मी असते. कण दिसले की फेसाचा विचार सोडून दूध टाकून द्यावं.

मग दुधाचा दोष ओळखायचा कसा? विघटन झालेल्या दुधाची खूण मला सगळ्यात आधी कानाला कळते. हवा नेहमीसारखी आत जाते, दूध जगात वरही चढतं, पण वाँड बंद केल्यावर शांतता होत नाही. पृष्ठभागावर बारीक चरचर ऐकू येत राहते. ती बुडबुडे फुटण्याची असते. पाठोपाठ चकाकी जाते आणि वर वाटाण्याएवढे बुडबुडे दिसतात. हात चुकल्यामुळे आलेले मोठे बुडबुडे वेगळे: ते सुरुवातीपासून दिसतात आणि जग ओट्यावर आपटला की फुटून खाली चांगला फेस उरतो. विघटनाच्या फेसात आपटून उपयोग होत नाही, उलट तो आणखी बसतो.

एक फसवा पर्याय मात्र आधी बाद करावा. जगात भांडी धुण्याच्या साबणाचा अंश किंवा तेलकटपणा राहिला असेल तर तोही पृष्ठभागावर नेमकं हेच करतो. म्हणून जग गरम पाण्याने दोनदा विसळून तेच दूध पुन्हा घ्यावं. तरीही चरचर राहिली तर एक सोपी तुलना करता येते. दोन सारखे ग्लास घ्या. एकात संशयित दूध, दुसऱ्यात आत्ता फोडलेल्या पॅकचं तेवढ्याच फॅटचं दूध, दोन्ही १०० मिली. दोन्ही ५० अंशांच्या आसपास कोमट करून हातात धरायच्या छोट्या फ्रॉदरने वीस-वीस सेकंद घुसळा आणि फेसाच्या वरच्या कडेला पेनाने खूण करा. पाच मिनिटांनी पुन्हा खूण करा. ताज्याची खूण थोडी खाली येते, कारण फेसातून दूध निथळतंच. संशयित ग्लासातला फेस तोवर जवळजवळ गेलेला असेल तर दोष दुधाचाच. दोघांचाही फेस सारखाच टिकला, तर मग वाँडकडे आणि हाताकडे वळा.

गोडवा

वाफवलेलं दूध थंड दुधापेक्षा गोड लागतं हे कुणीही चाखून सांगेल. त्याचं कारण सांगताना मात्र फार ठिकाणी दोन चुकीच्या गोष्टी ऐकू येतात. पहिली, उष्णतेने लॅक्टोज फुटून त्यातून जास्त गोड साखरा तयार होतात. दुसरी, लॅक्टोज गरम दुधात जास्त विरघळतो म्हणून गोड लागतो. लॅक्टोज फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळवायचे तर लॅक्टेज हे एन्झाइम हवं किंवा तीव्र आम्ल व उष्णता हवी. ६० अंशांवर अर्ध्या मिनिटात ते घडत नाही. विरघळण्याचं म्हणाल, तर दुधातला पावणेपाच टक्के लॅक्टोज फ्रिजच्या थंडीतही पूर्ण विरघळलेलाच असतो. त्याची विद्राव्यतेची मर्यादा त्याहून बरीच वर आहे.

खरं तर वाफवल्यावर दुधातल्या साखरेचं प्रमाण कमी होतं. हिशेब करून बघू. जगात ५ अंशांचं २०० ग्रॅम दूध आहे आणि ते ६० अंशांपर्यंत न्यायचं आहे. एक ग्रॅम दूध एक अंशाने तापवायला सुमारे ३.९ ज्यूल लागतात. म्हणजे २०० गुणिले ५५ गुणिले ३.९, जवळपास ४३,००० ज्यूल. ही उष्णता वाफ देते. एक ग्रॅम वाफ पाणी होताना २,२५७ ज्यूल सोडते आणि ते पाणी शंभर अंशांवरून साठवर येताना आणखी १६७, मिळून २,४०० च्या आसपास. ४३,००० ला २,४०० ने भागलं तर १८ ग्रॅम येतात. एवढं पाणी दुधात मिसळलं जातं. खात्री करायची तर वाफवण्याआधी आणि नंतर जग काट्यावर ठेवा. २०० चे २१८ च्या आसपास झालेले दिसतील. वाफ ओली असेल, म्हणजे वाँडमधलं साचलेलं पाणी आधी बाहेर सोडून दिलं नसेल, तर आकडा आणखी वाढतो.

आता २०० ग्रॅम दुधात ४.८ टक्क्यांनी ९.६ ग्रॅम लॅक्टोज होता. तो तेवढाच राहिला, दूध २१८ ग्रॅम झालं, म्हणजे प्रमाण ४.४ टक्क्यांवर आलं. शिवाय लॅक्टोजची गोडी नेहमीच्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकीच. म्हणजे संपूर्ण जगात जेमतेम दोन ग्रॅम साखरेइतकी गोडी असते, आणि तीही पातळ झालेली. तरीही दूध जास्त गोड लागतं, याचा अर्थ बदल दुधातल्या साखरेत झालेला नाही; ती जाणवण्यात झालेला आहे.

जाणवण्यात दोन-तीन गोष्टी एकत्र येतात. गोड चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते आणि ती ऊब वाढली की जास्त जोरात काम करते. फ्रिजचं दूध जिभेला थंड करतं आणि गोडवा दबतो. कोमट-गरम दुधात तो मोकळा होतो. दुसरं, गरम झाल्यावर दुधातले सुवासिक रेणू हवेत जातात आणि नाकाला मिळतात. त्यातले मलईचा, लोण्याचा वास देणारे रेणू फॅटमध्ये राहतात. मेंदू हा वास गोडव्याशी जोडतो. फॅटमध्ये स्वतःची साखर काहीच नसते, उलट स्किम दुधात ग्रॅममागे लॅक्टोज किंचित जास्तच असतो. तरी फुल फॅट दूध जास्त गोड वाटतं ते या वासामुळे आणि जिभेवरच्या मऊपणामुळे. कॉफीचा कडूपणाही फॅटने थोडा बोथट होतो.

इथे फेस आणि गोडवा एकमेकांना भेटतात. उंच, कोरड्या फेसाचा पहिला घोट म्हणजे बहुतांश हवा. जिभेला दूधच कमी मिळतं, म्हणून तो फिका लागतो. बारीक आणि ओला फेस दुधासकट तोंडात येतो. बसलेल्या फेसाच्या कपात वर बुडबुडे आणि खाली पातळ दूध अशी फाळणी होते, आणि पिणारा म्हणतो, आज गोड नाही. साखर तेवढीच असते.

ताजेपणाचंही असंच आहे. शिळ्या दुधात लॅक्टोज संपलेला नसतो. जीवाणूंनी आम्लात बदललेला हिस्सा सुरुवातीला फार थोडा असतो. पण तेवढ्या आंबटपणाने गोडवा झाकला जातो, आणि ब्युटिरिकसारख्या सुट्या मेदाम्लांचा उग्र, खवट वास त्यावर चढतो. गरम केल्यावर हे वास जास्त उडतात. थंड प्यायला ठीक वाटलेलं दूध वाफवल्यावर खटकतं ते म्हणून.

तापमानाची वरची मर्यादाही चवीनेच ठरते. सत्तरीच्या आसपास बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे व्हे प्रथिन वेगाने उलगडू लागतं, त्याच्या आत दडलेले गंधकाचे गट उघडे पडतात आणि उकळलेल्या दुधाचा तो ओळखीचा वास येतो. तो वास गोडव्यावर मात करतो. शिवाय इतकं गरम दूध जिभेला चटका देतं, आणि चटक्यापुढे चव लागत नाही. ६० ते ६५ अंशांवर थांबायचं ते याचसाठी. वाफ बंद केल्यावरही तापमान दोन-तीन अंश चढतं, म्हणून हात ५७-५८ लाच आवरावा.

वाफवून उरलेलं दूध पुन्हा वाफवू नये असं सांगतात, त्याचा अर्थही आता लागेल. त्यात आधीच १८ ग्रॅम पाणी शिरलं आहे. परत फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा ६० ला नेलं तर आणखी जवळपास २० ग्रॅम शिरेल आणि लॅक्टोज चार टक्क्यांवर येईल. पहिल्या वेळच्या घुसळण्याने काही गोलकांची आवरणं फाटलेली असतात, आणि जगात राहून ते दूध निवताना नेमकं फॅटच्या वाईट पट्ट्यात रेंगाळलेलं असतं. उरलेल्यात थोडं ताजं दूध मिसळून काम भागवलं तर तोटा कमी होतो, संपत नाही. त्यापेक्षा एका कपापुरतं दूध काट्यावर मोजून घ्यावं.

ज्यांना साखर न घालता खरोखर जास्त गोड दूध हवं आहे, त्यांच्यासाठी एकच सरळ मार्ग आहे: लॅक्टोजमुक्त दूध. त्यात लॅक्टेज घालून लॅक्टोज आधीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये फोडलेला असतो, आणि या दोन्ही साखरा लॅक्टोजपेक्षा कितीतरी गोड असतात. प्रथिनं आणि फॅट तसंच राहत असल्याने फेसाचे वर सांगितलेले सगळे नियम त्यालाही लागू होतात. फक्त कॉफीत ते काहींना अति गोड वाटतं, म्हणून पहिल्यांदा वापरताना नेहमीच्या दुधात निम्मं मिसळून बघावं.